टॅब साफ करायच्या आधी पालकांना नेमकं काय कळवायचं?

"नमस्कार दादा, मी ऐरोलीच्या एका शाळेत चौथीला शिकवते. वर्गात १२ अँड्रॉइड टॅब आहेत आणि मुलं ३६, म्हणजे तिघांत एक टॅब, आणि सगळ्या टॅबवर शाळेचं एकच जीमेल अकाउंट आहे. ६ एप्रिलला इंग्रजी शब्दांची एक छोटी टेस्ट टॅबवर घ्यायची आहे, त्यामुळे वर्षभराचं मुलांचं सगळं काम त्याच्या आधी काढून टाकायला सांगितलंय. पालकांच्या ग्रुपसाठी मी असं लिहिलंय: 'परीक्षेच्या पार्श्वभूमीवर सर्व टॅबवरील डेटा क्लिअर करण्यात येणार असून पालकांनी आवश्यक तो बॅकअप घ्यावा, नंतर शाळा जबाबदार राहणार नाही.' मागच्या वर्षी अशाच मेसेजवरून ग्रुपवर प्रचंड गोंधळ झाला होता. यंदा नीट कसं लिहू?"
— एक शिक्षिका, ऐरोली

मॅडम, भाषा नोटीस बोर्डाची आहे ती आपण बदलूच, पण त्याच्या आधी एक गोष्ट बघा, टॅब शाळेच्या कपाटात आणि बॅकअप घ्यायचा पालकांनी, तर ते घेणार कुठून? मागच्या वर्षी गोंधळ झाला असेल तर तो बहुतेक इथेच झाला असणार. माणसाला सांगितलं की अमुक करा नाहीतर गेलं, आणि ते करायची सोयच दिली नाही, की तो ग्रुपवर येऊन विचारणारच ना, आणि एकाने विचारलं की मागून २० जण "सेम क्वेश्चन" टाकणार.

म्हणजे काम तुम्हाला काढायचंय, पालकांना फक्त सांगायचंय की काय काढतोय, त्यांना हवं असेल तर कुठे आणि कधीपर्यंत मिळेल, आणि कशाची अजिबात काळजी करायची नाही. पण हे लिहायला आधी तुम्हाला स्वतःला माहीत पाहिजे की मुलांचं काम नक्की आहे कुठे. "टॅबवर आहे" एवढं पुरत नाही, कारण काही काम टॅबवर असतं, काही अकाउंटमध्ये असतं आणि टॅबवर फक्त दिसत असतं, आणि दोन्ही पुसायची रीत वेगळी आहे. मेसेज लिहायच्या आधी एक टॅब घेऊन निवांत बसा, खरंच.

चौथीच्या वर्गात साधारण तीन प्रकार सापडतील. पहिला म्हणजे फोटो आणि व्हिडिओ, दिवाळीत केलेल्या किल्ल्याची माहिती सांगणारी पोरं वगैरे. दुसरा आवाजाची रेकॉर्डिंग, कविता म्हटलेली, पाढे म्हटलेले. तिसरा स्क्रॅचज्युनियर किंवा चित्रांच्या ॲपमध्ये केलेल्या गोष्टी. आता गंमत अशी की या तिन्हींपैकी आपोआप बॅकअप होऊ शकतो तो फक्त पहिल्याचा, गूगल फोटोजमध्ये, तोही चालू ठेवला असेल तर. रेकॉर्डरच्या फाइल्स गूगल फोटोज उचलतच नाही, त्या टॅबच्या मेमरीतच पडून राहतात. स्क्रॅचज्युनियरचे प्रोजेक्ट तर ॲपच्या पोटात असतात, ॲप काढून टाकलं की प्रोजेक्टही गेले, कुठल्याही कचरापेटीत सापडणार नाहीत. दरवर्षी कोणीतरी उत्साही माणूस "जागा होत नाहीये" म्हणून पहिलं हेच ॲप उडवतो.

आणि फोटो तरी सगळे वर गेलेत का, तेही बघावंच लागेल. गूगलच्या फुकट अकाउंटला १५ जीबी मिळतात, त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज सगळं. तुमच्याकडे १२ टॅब मिळून एकच अकाउंट आणि फुल एचडीचा एक मिनिटाचा व्हिडिओसुद्धा सहज १०० एमबीच्या वर जातो, म्हणजे समजा ३६ मुलांनी दोन-दोन मिनिटांचा एकेक व्हिडिओ केला तर तेवढ्यातच ७ जीबी संपले. वर्षभरात ते अकाउंट कधीच भरलं असणार. भरलं की बॅकअप थांबतो, आणि त्याची सूचना कुठेतरी वरच्या कोपऱ्यात येते जी चौथीतली पोरं बाजूला सारून पुढे जातात. गूगल फोटोज उघडून वर उजवीकडच्या गोलावर बोट ठेवा, तिथे `Backup complete` दिसतंय का बघा. जागा भरल्याचं किंवा बॅकअप बंद असल्याचं लिहिलं असेल तर समजायचं की दिवाळीचं वर आहे पण जानेवारीनंतरचं फक्त त्या त्या टॅबवर आहे. शिवाय चालू असलं तरी मुळात कॅमेऱ्याचंच फोल्डर वर जातं, स्क्रीनशॉट आणि बाकीच्या फोल्डरसाठी बटण वेगळं चालू करावं लागतं.

यावरून एक सरळ नियम निघतो, गूगल फोटोजवर विसंबायचं नाही. सगळ्या टॅबमधलं शाळेच्या कॉम्प्युटरवर केबलने काढून घ्यायचं. टॅब केबलला लावला की वरून सूचना ओढायची, त्यात फाइल ट्रान्स्फर निवडायचं, मग कॉम्प्युटरवर टॅबची मेमरी उघडते, त्यातलं `DCIM` फोल्डर आणि रेकॉर्डिंगचं फोल्डर उचलायचं. रेकॉर्डिंगचं नाव कंपनीप्रमाणे बदलतं, सापडलं नाही तर रेकॉर्डर ॲपमध्येच एखादी फाइल धरून तिचा तपशील बघा, जागा लिहिलेली असते. एका टॅबवर ६ जीबी धरले तरी १२ टॅबचे ७२ होतात, तेव्हा कॉम्प्युटरवर तेवढी जागा आहे का ते आधी बघून घ्या नाहीतर साताठ टॅब झाल्यावर अडकाल. प्रत्येक टॅबचं फोल्डर वेगळं, टॅब १, टॅब २ असं. कॉपी झाली की दोन्हीकडे फाइल्सची संख्या जुळते का बघायची आणि मोठ्यातले दोनतीन व्हिडिओ कॉम्प्युटरवरून शेवटपर्यंत चालवून बघायचे, कारण केबल हलली की फाइल दिसते पण अर्धवटच आलेली असते.

आणि बाराव्या टॅबची कॉपी होईपर्यंत पहिल्या टॅबवरचं काहीही डिलीट करायचं नाही. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण तुमचं अकाउंट एकच आहे. गूगल फोटोजमध्ये टॅब ३ वर जो फोटो दिसतो तो खरा टॅब ७ वर काढलेला असू शकतो, आणि तो बॅकअप झालेला फोटो तिथून डिलीट केला की अकाउंटमधूनच जातो, म्हणजे सगळीकडून. शिपाईदादा एका टोकाने साफ करत येतायत आणि दुसऱ्या टोकाने तुम्ही कॉपी करताय, असं होऊ देऊ नका.

अजून एक, हे थोडं नाजूक आहे. एकच अकाउंट वर्षभर वापरलं की त्याचा पासवर्ड कुठे ना कुठे पोचतोच. गृहपाठ बघायला म्हणून एखाद्या आईने तेच जीमेल स्वतःच्या फोनवर टाकलेलं असतं, त्यात फोटोंचा बॅकअप चालू राहतो आणि मग घरच्या साखरपुड्याचे फोटो शाळेच्या अकाउंटमध्ये येऊन बसतात. उलट तुम्ही इथे गूगल फोटोजमध्ये "सगळं सिलेक्ट, डिलीट" केलंत तर त्यात तिचेही फोटो जातील. म्हणून अकाउंटच्या `Security` भागात `Your devices` उघडून यादी बघा. १२ टॅब आणि शाळेचा कॉम्प्युटर सोडून तिसराच कुठला फोन दिसला तर त्या पालकांशी ग्रुपवर नाही, फोनवर बोला, त्यांचे फोटो त्यांना काढून घेऊ द्या, मग त्यांना ते अकाउंट फोनवरून काढायला सांगा आणि पासवर्ड बदला. मेसेजमध्येही एक ओळ यासाठी ठेवू.

आता ३६ मुलांमध्ये वाटणी. टॅबवरच्या फाइल्सची नावं तारीख आणि आकडे अशी असतात, कोणाचं काय ते तुम्हाला एकटीला कळायला रात्र जाईल. त्यापेक्षा त्या टॅबचे तिघं कॉम्प्युटरच्या तासाला बोलवा आणि त्यांच्याकडूनच ओळखून घ्या, पोरं आवाजावरून पण सांगतात की "हा आरवचा खोकला आहे". कॉम्प्युटरवर प्रत्येक मुलाच्या नावाचं फोल्डर करून त्यात टाकत जायचं. डिलीट मात्र त्यांना करू देऊ नका. ज्या व्हिडिओत दोनतीन मुलं आहेत त्याचं काय हा प्रश्न येईलच. ग्रुपमध्ये केलेलं काम त्या तिघांच्या पालकांना द्यायला माझ्या मते हरकत नाही, पण तेवढ्याच तिघांना, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कोणाचंच नाही. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती जपायचं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे, पण कायदा सोडा हो, आपल्या मुलीचा अडखळत कविता म्हणतानाचा व्हिडिओ ७० अनोळखी फोनमध्ये जावा असं कोणत्या आईला वाटेल?

स्क्रॅचज्युनियरसाठी थोडं वेगळं करावं लागेल. त्याचा प्रोजेक्ट `.sjr` नावाच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो, पण ती फाइल स्क्रॅचज्युनियरमध्येच उघडते, त्यामुळे बहुतेक पालकांच्या हातात ती येऊन काहीच दिसणार नाही आणि मग "फाइल करप्ट आहे मॅडम" सुरू. पालकांना फाइल नकोच असते, त्यांना ते मांजर चालताना बघायचं असतं. तर टॅबवर स्क्रीन रेकॉर्डर चालू करा, अँड्रॉइड ११ पासून तो वरच्या पट्टीत असतोच, आणि मुलाला स्वतःची गोष्ट एकदा चालवू द्या. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होतो, कुठल्याही फोनवर चालतो. ही रेकॉर्डिंग्ज वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात, तेव्हा हे सगळं केबल लावायच्या आधी उरका. ॲप ठेवायचं, त्यातले प्रोजेक्ट एकेक करून काढायचे, कंटाळवाणं आहे पण १२ टॅबवर ॲप पुन्हा टाकत बसण्यापेक्षा बरं.

पालकांना द्यायचं कसं, तर मी म्हणेन शनिवारी एक वेळ ठेवा आणि पेन ड्राइव्ह आणायला सांगा. ठाण्याला, अंधेरीला किंवा रबाळे एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे पालक असतील, त्यांना शनिवारही जमेलच असं नाही, त्यांच्यासाठी मुलाच्या दप्तरातून नाव लिहिलेला पेन ड्राइव्ह पाठवायची सोय ठेवा. आलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी स्कॅन करायचा हे सांगायला नको, झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेले असतात ते. पेन ड्राइव्ह नसेल त्याला एकट्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, पण व्हिडिओ म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि किल्ल्याचा बुरूज आणि मावळा सगळं एकच तपकिरी दिसायला लागतं. डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जातं. ड्राइव्हची लिंक द्यायची तर त्या पालकांच्या ईमेलपुरतीच द्या, "लिंक असेल तो उघडेल" असली लिंक शाळेच्या बाहेर कुठपर्यंत जाईल त्याचा भरवसा नाही.

मग पुसण्याची वेळ. इथे गूगल फोटोजची कचरापेटी आपल्या कामाची आहे. डिलीट केलेला फोटो लगेच जात नाही, बॅकअप झालेला असेल तर `Bin` मध्ये ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. म्हणजे सोमवारी ३० मार्चला डिलीट केलं आणि शुक्रवारी कोणी म्हणालं की माझ्या मुलाचा एक व्हिडिओ राहिला, तर तो परत आणता येतो. पण हीच सोय मुलांनाही आहे आणि चौथीतल्या पोरांना कचरापेटी कुठे आहे ते तुमच्याआधी कळतं. त्यामुळे डिलीट एकदा आणि पेटी रिकामी नंतर, शनिवारी ४ तारखेला. मधले चारपाच दिवस हीच तुमची खरी मुदत. गॅलरीचं वेगळं ॲप असेल तर त्याचीही स्वतःची पेटी असते आणि फाइल्स ॲपचीही, त्याही बघायच्या. रेकॉर्डरची फाइल मात्र पेटीत जाईलच असं प्रत्येक टॅबवर नसतं, म्हणून एकावर आधी करून बघा.

`Free up space` नावाचं बटण दिसेल, त्याच्या मोहात पडू नका. त्याने फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची टॅबवरची प्रत जाते, जागा रिकामी होते आणि तुम्हाला वाटतं झालं, पण अकाउंटमधलं सगळं त्याच स्क्रीनवर तसंच दिसत राहतं. परीक्षेसाठी ते साफ झालेलंच नसतं. आणि फॅक्टरी रिसेट तर करूच नका. त्याने सगळं साफ होतं हे खरं, पण मग १२ टॅब नव्याने सुरू करा, वायफाय टाका, ॲप्स टाका, आणि अकाउंट आधी न काढता बटणं दाबून रिसेट केला असेल तर तो जुन्या अकाउंटचा पासवर्ड विचारत अडून बसतो, आणि तो पासवर्ड दोन वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटर सरांना माहीत असतो. टॅब दुसऱ्या शाळेला द्यायचे असते तर रिसेट ठीक होता.

आता जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते, कीबोर्ड. तुमची टेस्ट इंग्रजी शब्दांची आहे ना? वर्षभर त्या टॅबवर टाइप केलेलं कीबोर्ड शिकत असतो, मुलाने `bea` लिहिलं की वरच्या पट्टीत `beautiful` हजर. जीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये `Privacy` खाली `Delete learned words and data` आहे, तो एक आकडा दाखवतो, तो टाइप केला की शिकलेलं पुसतो. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण कीबोर्डची स्वतःची डिक्शनरी असतेच, कोरा टॅबसुद्धा स्पेलिंग सुचवतो. टेस्टपुरत्या सूचना आणि आपोआप दुरुस्ती दोन्ही बंदच ठेवा, बाराही टॅबवर, नाहीतर पाच टॅबवरची १५ मुलं हुशार निघतील. कॉपी केलेला मजकूर तासाभरात कीबोर्डच्या क्लिपबोर्डवरून जातो, पण पिन करून ठेवलेला जात नाही, तो एकदा उघडून बघा. हे सगळं पालकांना सांगायची गरज नाही, हे तुमचं आणि कॉम्प्युटर सरांचं.

तर मेसेज. मी असा लिहिला असता, नावं आणि वेळा तुमच्याप्रमाणे बदला:

"नमस्कार पालकहो. ६ एप्रिलला वर्गातल्या टॅबवर इंग्रजी शब्दांची टेस्ट आहे. त्याआधी टॅबवरचे मुलांचे फोटो, व्हिडिओ, आवाजाची रेकॉर्डिंग्ज आणि स्क्रॅचज्युनियरमधल्या गोष्टी आम्ही काढणार आहोत. टॅब तिघांत एक असल्याने आधीचं काम टेस्टच्या वेळी समोर राहू नये, एवढंच कारण आहे.

या कामाचे गुण आणि नोंदी आधीच झालेल्या आहेत, त्यात काही बदल होणार नाही.

सगळ्यांच्या कामाची कॉपी आम्ही शाळेच्या कॉम्प्युटरवर काढली आहे. तुमच्या मुलाचं काम हवं असेल तर शनिवार २८ मार्चला सकाळी ९ ते ११ मध्ये पेन ड्राइव्ह घेऊन या, किंवा नाव लिहून दप्तरातून पाठवा. दोन्ही जमणार नसेल तर मला पर्सनल मेसेज करा. नको असेल तर काहीच करायचं नाही.

टॅबवरचं काम सोमवारी ३० मार्चला काढू. काही राहिलंय असं वाटलं तर गुरुवार २ एप्रिलपर्यंत सांगा, शोधून देता येईल. ४ एप्रिलनंतर टॅबवरून परत मिळणार नाही. कॉम्प्युटरवरची कॉपी निकालाच्या दिवसापर्यंत राहील, मग तीही काढू.

तुमच्या स्वतःच्या फोनवरचं काहीही जाणार नाही. फक्त शाळेचं जीमेल कोणी आपल्या फोनवर घेतलं असेल तर शनिवारच्या आत मला फोन करा. — वर्गशिक्षिका, चौथी"

यात फोनवाली ओळ आहे ती तुमची `Your devices` ची यादी तपासून झाल्यावरच टाका, कारण यादीत कोणी असेल आणि तुम्ही न बोलता डिलीट केलंत तर ती ओळ खोटी ठरेल. गुणांची ओळ वर घ्यायचं कारण म्हणजे पालक पुढचं वाचतच नाहीत जोपर्यंत मार्कांचं कळत नाही. आकारिक मूल्यमापनात जे प्रोजेक्ट धरले असतील त्यांच्या नोंदी वहीत खरंच पूर्ण आहेत का ते बघून मगच ही ओळ पाठवा, एखादं मूल गैरहजर होतं आणि त्याचा व्हिडिओ बघायचाच राहिलाय असं निघू शकतं. तसंच "कॉपी काढली आहे" हे काढून झाल्यावरच लिहायचं. म्हणजे केबलचं काम २४ तारखेपर्यंत संपवा आणि मेसेज बुधवारी २५ ला जाऊ दे.

"शाळा जबाबदार राहणार नाही" मी मुद्दाम काढलंय. मुख्याध्यापिका आग्रह धरतील कदाचित, त्यांना सांगा की ४ एप्रिलची तारीख लिहिली आहे तेच पुरेसं आहे, त्यात सगळं आलं. तारीख वाचून माणूस पेन ड्राइव्ह शोधतो, जबाबदारीचं वाक्य वाचून भांडण शोधतो.

वेळ म्हणाल तर संध्याकाळी साडेसात-आठला टाका. लोक तेव्हा ट्रेनमध्ये असतात, ऐरोली ते घणसोली एवढ्या वेळात वाचून होईल इतकाच मेसेज आहे. दुपारी टाकलात तर तो रात्रीपर्यंत गुड इव्हिनिंगच्या फुलांखाली गाडला जातो. ग्रुप तेवढ्यापुरता "ओन्ली ॲडमिन" करता येतो, पण मला ते फारसं आवडत नाही, लोकांना विचारायला जागा पाहिजे. हिंदी बोलणारे पालक असतील तर त्यांच्यासाठी वेगळा हिंदी मेसेज, खाली चिकटवलेलं भाषांतर नको, लांबलचक मेसेज `Read more` च्या पुढे कोणी उघडत नाही. आणि शुक्रवारी २७ ला फक्त दोन ओळींची आठवण, "उद्या ९ ते ११, पेन ड्राइव्ह".

२ एप्रिलनंतर कोणी आलंच, आणि येतीलच एकदोन, तर पेटी उघडत बसू नका, कॉम्प्युटरवरच्या त्या मुलाच्या फोल्डरमधून द्या. तिथेही नसेल तर त्याच टॅबच्या बाकी दोघांच्या फोल्डरमध्ये बघा, वाटणी करताना एकाचं दुसऱ्यात गेलेलं असतं, विशेषतः आवाजाच्या फाइल्सचं.